हस्तलिखित तालिका कार्डांवरून संगणकीय नोंदी कशा कराव्यात

हे काम हाती घेणारे बहुतेक जण पहिला खण उघडतात, पहिलं कार्ड काढतात आणि लेखक, शीर्षक, दाखल क्रमांक असे रकाने करून टाइप करायला बसतात. दोन-तीन खण होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग तेच पुस्तक शीर्षकाच्या कार्डावर पुन्हा येतं, एका कार्डावर चार क्रमांक निघतात, एकाच लेखकाची पाच नावं जमा होतात आणि केलेलं काम उसवावं लागतं. म्हणून टाइप करण्याआधी समोरचं कार्ड नेमकं कशाची नोंद आहे ते नीट समजून घेऊ.

इथे मी तालुक्याच्या गावच्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं उदाहरण धरलं आहे: मराठी पुस्तकं जास्त, कार्डं शाईने लिहिलेली, लिहिणारे हात वेगवेगळे, आणि कपाटाशेजारी दाखल रजिस्टरांचे जाडजूड खंड. महाविद्यालयाचं ग्रंथालय असेल तर इंग्रजी कार्डं जास्त असतील, पण पद्धत हीच.

कार्ड, पुस्तक आणि प्रत

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एका पुस्तकाची कार्डं अनेक असतात: लेखकाच्या नावाचं, शीर्षकाचं, विषयाचं, कधी अनुवादकाचं किंवा संपादकाचं. उलट एका कार्डावर पुस्तकाच्या अनेक प्रती असू शकतात आणि प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो. आपल्याला पुस्तकाची एक नोंद हवी आहे आणि तिला जोडलेली प्रत्येक प्रतीची एकेक ओळ. कार्डांची संख्या किती आहे याला शेवटी काही महत्त्व नाही.

त्यामुळे सगळी कार्डं टाइप करायची नाहीत. शेल्फ लिस्ट, म्हणजे कपाटातल्या पुस्तकांच्या क्रमाने लावलेली कार्डं, वेगळ्या खणात असतील तर तीच घ्या. त्यात पुस्तकाला एकच कार्ड असतं आणि दाखल क्रमांक सहसा तिथेच पूर्ण लिहिलेले असतात. शेल्फ लिस्ट नसेल तर मुख्य कार्डं घ्या, म्हणजे बहुधा लेखकाच्या नावाची. मुख्य कार्ड ओळखायची सोपी खूण त्याच्या मागच्या बाजूला असते. त्या पुस्तकाची आणखी कोणकोणती कार्डं केली आहेत त्याची यादी तिथे बारीक अक्षरात असते. लेखकाचं नाव नसलेली पुस्तकं, म्हणजे कोश किंवा नियतकालिकांचे खंड, यांचं मुख्य कार्ड बहुधा शीर्षकाचंच असतं. त्यांच्यासाठी शीर्षकाच्या खणातून वेगळी फेरी मारावी लागते.

आधी फोटो

खणातली कार्डं एका रॉडने अडकवलेली असतात. रॉड काढण्याआधी खणाला क्रमांक द्या आणि एका वेळी एकच रॉड काढा. कार्डांचा क्रम हा पुरावा आहे आणि पुढे अक्षर लागलं नाही की त्याचाच आधार घ्यावा लागणार आहे.

मोबाइल एका स्टँडवर उलटा बसवून वरून फोटो काढले तरी पुरतं. कार्डाचा आकार साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर असतो, त्यामुळे चौकट एकदा ठरवली की हलवावी लागत नाही. फोटो रंगीत हवा. काळ्या-पांढऱ्यात लाल शाई आणि निळी शाई सारखीच दिसते आणि पेन्सिलीने लिहिलेलं पुसट होऊन जातं. एखादा क्रमांक नंतर वाढवला आहे का, खोडला आहे का, हे शाईच्या रंगावरूनच कळतं. मागची बाजूही घ्या. फाइलचं नाव खण आणि कार्ड यांवरून द्या, उदाहरणार्थ `D07-134-A.jpg` ही सातव्या खणातल्या १३४व्या कार्डाची पुढची बाजू आणि `D07-134-B.jpg` ही मागची. स्प्रेडशीटच्या प्रत्येक ओळीत हेच नाव राहील, म्हणजे शंका आली की खण न उघडता कार्ड पाहता येतं.

पहिल्या तक्त्यात फक्त उतरवायचं

पहिल्या तक्त्यात एका कार्डाला एक ओळ. रकाने थोडेच ठेवा: फोटोचं नाव, पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा बोधांक, लेखक जसा कार्डावर आहे तसा, शीर्षक जसं आहे तसं, क्रमांक जसे आहेत तसे, मागच्या बाजूचा मजकूर आणि शंका. इथे काहीही सुधारायचं नाही. आद्याक्षरं उलगडायची नाहीत, शुद्धलेखन बदलायचं नाही, ‘२३१७-१८’ असं लिहिलं असेल तर तसंच लिहायचं. अर्थ लावण्याचं काम दुसऱ्या टप्प्यात, दुसऱ्या तक्त्यात. हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत असा माझा आग्रह आहे, कारण उतरवणारी व्यक्ती आणि अर्थ लावणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. उतरवणाऱ्याने मनाने केलेली दुरुस्ती नंतर कोणालाच ओळखता येत नाही.

टाइपिंग सुरू करण्याआधी क्रमांकांचा आणि बोधांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्या. नाहीतर स्प्रेडशीट `0412` मधलं सुरुवातीचं शून्य टाकून देते आणि `3-12` दिसलं की त्याची तारीख करून मोकळी होते. तारीख झाली की मूळ आकडा परत मिळत नाही. सीएसव्ही फाइल करताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडा. साधा `CSV` निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

कीबोर्ड युनिकोडचाच हवा, इन्स्क्रिप्ट असो की उच्चारावर आधारित. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली यादी वाचनालयात आधीच असेल तर ती पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

अक्षर लागत नाही तेव्हा

कार्डांवर घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांचा घोळ सारखा होतो. शिरोरेषा घाईत पूर्ण ओढली असेल तर ‘घारपुरे’ की ‘धारपुरे’ हे नुसतं पाहून सांगता येत नाही. अशा वेळी शेजारची कार्डं पाहा. लेखकांच्या कार्डांचा खण वर्णानुक्रमाने लावलेला असतो. मागचं कार्ड ‘घाटे’ आणि पुढचं ‘घोरपडे’ असेल तर मधलं घ चंच. मागे ‘धारप’ आणि पुढे ‘धोंड’ असेल तर ध चं. क्वचित कार्ड चुकीच्या जागी लावलेलं असतं, म्हणून एकाच शेजाऱ्यावर विसंबू नका. मागची दोन आणि पुढची दोन कार्डं पाहा.

आकड्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे. जुनी कार्डं देवनागरी आकड्यांत असतात, नंतरची इंग्रजी आकड्यांत, आणि मधल्या काळातली बरीचशी मिसळलेली. हातच्या अक्षरात देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा आणि देवनागरी ७ हा इंग्रजी 6 सारखा. म्हणजे एकच चार आकडी खूण ४१७२ असू शकते किंवा 8962. दोन्ही वाचनं शक्य वाटतात आणि दोन्ही क्रमांक रजिस्टरात असतात.

इथे निवाडा दाखल रजिस्टर करतं. रजिस्टरात ४१७२ समोर कोणतं पुस्तक आहे ते पाहा, मग ८९६२ समोर पाहा. ज्या ओळीत कार्डावरचं शीर्षक सापडेल तो क्रमांक खरा. या तपासणीत अंदाजाला जागा नसते, म्हणून शंकेचा क्रमांक आला की मी दुसरं काही न करता थेट रजिस्टरच उघडतो. दोन्ही ओळींत वेगळीच पुस्तकं निघाली तर क्रमांक तिसराच आहे. ती ओळ शंकेत टाका आणि पुस्तक कपाटातून प्रत्यक्ष काढा. दाखल क्रमांक पुस्तकाच्या नामपृष्ठावर, बहुधा त्याच्या मागच्या बाजूला, आणि ठरावीक एखाद्या आतल्या पानावर शिक्क्यासह लिहिलेला असतो.

दुसऱ्या तक्त्यात सगळे आकडे इंग्रजी करून घ्या, म्हणजे क्रम लावणं आणि तुलना करणं सोपं जातं. हे हाताने करू नका. पायथॉनमध्ये एका ओळीत होतं:

```
s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
```

एक कार्ड शेवटपर्यंत

नमुन्यासाठी हे कार्ड घ्या. ते उदाहरणासाठी तयार केलं आहे, पण असं कार्ड कुठल्याही जुन्या वाचनालयात सापडेल.

```
८९१.४६३     आपटे, ह. ना.
आपट            पण लक्षांत कोण घेतो ?
               आ. ४ थी

२३१७-१८
५६४०
```

पहिले दोन क्रमांक काळ्या शाईत आहेत, ५६४० निळ्या शाईत आणि वेगळ्या हाताने लिहिलेला आहे. ‘१८’ वर एक तिरकी रेघ आहे.

दाखल क्रमांकापासून सुरुवात करू, कारण लेखक आणि शीर्षक यांचा अर्थ लावताना मतभेद होऊ शकतात, क्रमांक मात्र एका विशिष्ट प्रतीचाच असतो. ‘२३१७-१८’ म्हणजे दोन प्रती, २३१७ आणि २३१८. संक्षेपात लिहिलेला हा जोड नेहमी पूर्ण उलगडायचा. रजिस्टरात २३१८ ची ओळ काढली की शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ आणि तारीख लिहिलेली दिसते. तिरक्या रेघेचा अर्थ लागला. तरीही ही प्रत यादीतून वगळू नका. तिची ओळ ‘बाद’ या स्थितीसह ठेवा. नाहीतर पुढच्या ग्रंथ पडताळणीत २३१८ चा पत्ता लागणार नाही आणि ती गहाळ म्हणून मोजली जाईल.

आता ५६४०. शाई वेगळी आहे, म्हणजे ही प्रत नंतर आली. रजिस्टरातल्या ओळीत प्रकाशनाचं वर्ष आणि किंमत पहिल्या दोन प्रतींपेक्षा वेगळी निघाली, आणि पुस्तक हातात घेतल्यावर आवृत्तीही वेगळी दिसली. जुने ग्रंथपाल जागा आणि वेळ वाचवण्यासाठी नव्या आवृत्तीची प्रत त्याच कार्डावर चढवत. त्यांच्या दृष्टीने ते ठीकच होतं, कारण वाचकाला कादंबरी हवी असे, आवृत्ती नव्हे. आपण मात्र वेगळ्या आवृत्तीची वेगळी नोंद करायची. एका कार्डाच्या इथे दोन नोंदी झाल्या.

प्रतींचा तक्ता असा दिसेल. `T0412` आणि `T0413` हे या दोन नोंदींना आपण दिलेले क्रमांक:

```
दाखल_क्र,नोंद,स्थिती
2317,T0412,उपलब्ध
2318,T0412,बाद
5640,T0413,उपलब्ध
```

क्रमांकांबाबत आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या: वाचनालयात दाखल क्रमांकांची मालिका एकच आहे की अनेक? बालविभाग, संदर्भ विभाग किंवा देणगीची पुस्तकं यांना बऱ्याच ठिकाणी १ पासून स्वतंत्र क्रमांक दिलेले असतात. मग मुख्य विभागातलं १२३ आणि बालविभागातलं १२३ ही दोन वेगळी पुस्तकं असतात. सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते दुसऱ्या पुस्तकाला नकार देतं. अशा मालिकांना आधीच उपसर्ग ठरवा, जसं बालविभागाला `B-123`, आणि तो उपसर्ग पुस्तकावरच्या क्रमांकापुढेही पेन्सिलीने लिहून टाका.

लेखक

याच खणात ‘आपटे, ह. ना.’, ‘आपटे, हरी नारायण’, ‘आपटे ह.ना. (कै.)’ अशी कार्डं सापडतील. ही तिन्ही नावं हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची. त्यांच्या लगतच ‘आपटे, ना. ह.’ असतील. ते नारायण हरि आपटे (१८८९–१९७१), तेही कादंबरीकारच, पण संपूर्ण वेगळी व्यक्ती. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभातचा ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला. उतरवणाऱ्याची आद्याक्षरं एकदा उलटी झाली की एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर जातात. कधी मूळ कार्ड लिहिणाऱ्याकडूनच तसं झालेलं असतं. आद्याक्षरांवर भरवसा न ठेवता शीर्षकावरून खात्री करायची ती याचसाठी.

यावर उपाय म्हणजे नावांचा एक स्वतंत्र तक्ता. डाव्या रकान्यात कार्डावर आढळलेलं रूप, उजव्या रकान्यात ठरवलेलं प्रमाण रूप.

```
आपटे, ह. ना.        → आपटे, हरि नारायण, 1864-1919
आपटे, हरी नारायण    → आपटे, हरि नारायण, 1864-1919
आपटे ह.ना. (कै.)    → आपटे, हरि नारायण, 1864-1919
आपटे, ना. ह.        → आपटे, नारायण हरि, 1889-1971
```

आद्याक्षरं उलगडायची ती नामपृष्ठावरून किंवा एखाद्या विश्वासार्ह कोशावरून. माहीत नसतील तर आद्याक्षरंच ठेवा. अंदाजाने पूर्ण केलेलं नाव चुकलं तर ते आद्याक्षरांपेक्षा जास्त नुकसान करतं. श्री., कै., डॉ., प्रा. ही बिरुदं प्रमाण रूपात घ्यायची नाहीत. ‘अनु.’ आणि ‘संपा.’ मात्र टाकून देऊ नका. ती व्यक्तीची भूमिका सांगतात आणि त्यांना वेगळा रकाना हवा. अनुवादित पुस्तकांच्या कार्डांवर पुष्कळदा अनुवादकाचंच नाव वर असतं आणि मूळ लेखक कुठेतरी खाली असतो. हे जुळवून घेतलं नाही तर अनुवादक लेखक होऊन बसतो.

टोपणनावांसाठी एकच नियम सगळीकडे चालत नाही. विष्णु वामन शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली. इथे दोन्ही नावं प्रमाण म्हणून ठेवायची, प्रत्येक पुस्तक त्याच्या नामपृष्ठावरच्या नावाखाली आणि दोन्ही नावांत ‘हेही पाहा’ असा दुवा. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि बाळूताई खरे ही एकाच लेखिकेची नावं. कार्डांवर ही तिन्ही तीन वेगवेगळ्या खणांत असू शकतात आणि दुवा नसेल तर वाचकाला निम्मीच पुस्तकं सापडतात. संतांची गोष्ट आणखी वेगळी. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाखाली शोधायची आपली रीत नाही. त्यांचं नाव सरळच ठेवायचं, उलटवायचं नाही.

युनिकोडमुळेही एका नावाची दोन रूपं होतात. ‘कऱ्हाडकर’ मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर सारखा दिसतो, संगणकाला मात्र दोन शब्द वाटतात. ‘ॲ’ चंही तेच: ते एकाच अक्षराने लिहिता येतं किंवा अ ला चंद्र जोडून. कामाला अनेक हात असतील तर सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या. यादी वर्णानुक्रमाने लावल्यावर एकसारखी दिसणारी दोन नावं लांब-लांब गेली, तर कारण बहुधा हेच असतं.

शीर्षक

आपल्या नमुन्यात ‘लक्षांत’ वर अनुस्वार आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या नामपृष्ठांवर ते आहेत: ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलें’. शीर्षक नामपृष्ठावर असेल तसंच घ्यायचं, ही तालिकेची मूळ रीत आहे आणि ती मोडू नये. पण आजचा वाचक शोधाच्या चौकटीत ‘लक्षात’ टाइप करणार. म्हणून दोन रकाने ठेवा, एकात छापलेलं शीर्षक आणि दुसऱ्यात आजच्या लेखनातलं. अंत्य इकार-उकार ऱ्हस्व-दीर्घ करण्याचं कामही दुसऱ्याच रकान्यात. ‘श्री’ ने सुरू होणाऱ्या धार्मिक ग्रंथांना ‘श्री’ शिवायचं रूप दुसऱ्या रकान्यात दिलं की ते दोन्हीकडून सापडतात.

कार्डावर शीर्षक आणि उपशीर्षक सलग लिहिलेलं असतं. विसर्गासारखी खूण, आडवी रेघ किंवा ‘अर्थात’ हा शब्द दिसला की तिथे तोडा. ‘भाग २ रा’ हा शीर्षकाचा भाग नाही, त्याचा स्वतंत्र रकाना करा. नाहीतर तीन भागांची कादंबरी यादीत तीन वेगळी पुस्तकं म्हणून विखुरते.

प्रकाशनवर्ष घेणार असाल तर शकाकडे लक्ष द्या. जुन्या कार्डावर ‘१८५०’ असं नुसतंच लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा शके असतं. त्यात ७८ मिळवले की १९२८ येतं, पण पुस्तक जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळात निघालं असेल तर वर्ष १९२९ असतं. महिना माहीत नसेल तर १९२८ लिहा आणि टिपेत ‘शके १८५०’ ठेवा.

तपासणी

दाखल क्रमांकांवर दोन तपासण्या करायच्या. पहिली, एकच क्रमांक दोनदा आला आहे का. यासाठी सगळे `COUNTIF` वापरतात, पण ते `0123` आणि `123` यांना एकच समजतं आणि नसलेली चूक दाखवतं. त्याऐवजी हे सूत्र अक्षर-न्-अक्षर जुळवतं:

```
=SUMPRODUCT(--EXACT($A$2:$A$9000,A2))
```

उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर दोन्ही ओळींचे फोटो उघडा. बहुतेक वेळा एकाच पुस्तकाची दोन मुख्य कार्डं निघतात किंवा आकड्याचं वाचन चुकलेलं असतं.

दुसरी तपासणी गहाळ क्रमांकांची. वेगळ्या तक्त्यात १ पासून रजिस्टरातल्या शेवटच्या क्रमांकापर्यंत ओळीने आकडे भरा आणि त्यातले कोणते आपल्या यादीत नाहीत ते काढा. ही यादी मोठी निघाली तरी घाबरू नका, ती रजिस्टर घेऊन वाचायची असते. काही क्रमांक बाद झालेल्या पुस्तकांचे असतील आणि त्यांची कार्डं फाडून टाकलेली असतील. काहींची कार्डं कधी लिहिलीच गेली नसतील. काही क्रमांक मात्र सलग पन्नास-शंभर नसतील. तसं दिसलं तर एखादा रॉड फोटोशिवाय राहिला आहे किंवा त्या काळात आलेली देणगी अजून गठ्ठ्यात पडून आहे, असं समजून शोध घ्या.

याशिवाय उलट दिशेने एक तपासणी करा. वेगवेगळ्या कपाटांतून पन्नास पुस्तकं काढा आणि त्यांच्या नोंदी यादीत शोधा. कार्डांवरून केलेली तपासणी फक्त कार्ड असलेल्याच पुस्तकांपर्यंत पोहोचते. कार्ड नसलेली पुस्तकं या फेरीतच सापडतात.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना

महाराष्ट्रातली बरीच वाचनालयं एनआयसीचं ई-ग्रंथालय किंवा कोहा वापरतात. दोन्हींत एक्सेलसारख्या तक्त्यातून नोंदी भरता येतात. कोहाला नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या प्रमाण स्वरूपात लागतात. मार्कएडिट या मोफत प्रोग्रॅममधलं `Delimited Text Translator` तुमचे रकाने त्या स्वरूपात बसवून देतं. आपल्या नमुन्यातली पहिली नोंद अशी होईल:

```
=100  1\$aआपटे, हरि नारायण,$d1864-1919
=245  10$aपण लक्षांत कोण घेतो? /$cह. ना. आपटे
=246  3\$aपण लक्षात कोण घेतो
=952  \\$aMAIN$bMAIN$o891.463 आपट$p2317$yBK
=952  \\$aMAIN$bMAIN$o891.463 आपट$p2318$yBK$01
```

`100` लेखकाचं, `245` छापलेल्या शीर्षकाचं, `246` आजच्या लेखनातल्या शीर्षकाचं. `952` प्रत्येक प्रतीसाठी एकदा येतं आणि त्यातल्या `$p` मध्ये दाखल क्रमांक बसतो. शेवटच्या ओळीतलं `$0` ही प्रत बाद असल्याचं सांगतं. `MAIN` आणि `BK` हे शाखेचे आणि प्रकाराचे संकेत आहेत. तुमच्या कोहात जे ठरवले असतील तेच इथे लिहा, नाहीतर प्रती आत जात नाहीत. ज्ञानेश्वरांसारख्या सरळ नावाला `100` नंतरचा आकडा `1` ऐवजी `0` येतो.

पहिल्या वेळी एकाच खणाच्या नोंदी भरा. कोहा आयात केलेला गठ्ठा पूर्णपणे मागे घेऊ देतं, पण त्यातल्या प्रतींची देवघेव सुरू झाली की ते अवघड होतं. म्हणून काउंटरवर वापर सुरू करण्याआधी वाचकांच्या पडद्यावर ‘लक्षात’ आणि ‘लक्षांत’ दोन्ही शोधून पाहा, लेखकाच्या नावावर क्लिक करून सगळी पुस्तकं एकत्र येतात का पाहा, आणि दोन आपटे वेगळे राहिले आहेत याची खात्री करा.

कामाला सुरुवात करताना एक तारीखही ठरवा. त्यानंतर येणारं प्रत्येक नवं पुस्तक रजिस्टरात चढवून थेट सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, त्याचं कार्ड करायचं नाही. नाहीतर एका टोकाला खण रिकामे करत असताना दुसऱ्या टोकाला ते भरत राहतात. जुनी कार्डं मात्र पुढची ग्रंथ पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याच क्रमाने खणात ठेवा. शंकेच्या रकान्यातल्या ओळी सोडवायला ती पुन्हा लागतात, विशेषतः पेन्सिलीच्या अशा खुणा पाहायला, ज्या फोटोत उमटलेल्या नसतात.